भाड्याच्या घरातल्या सामानाचा विमा: आधी घरफोडीचं कलम वाचा

प्रश्न: ताई, आम्ही नवराबायको दोघंही नोकरी करतो. पुण्यात सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्यानं घेऊन राहतो. मागच्या महिन्यात शेजारच्या विंगमध्ये भरदिवसा घरफोडी झाली, तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. एका अ‍ॅपवर ५ लाखांच्या सामानासाठी वर्षाला साधारण ७०० रुपयांचा घरविमा दिसतोय. घरमालक म्हणतात, सोसायटीचा विमा आहे, तुम्हाला गरज नाही. नवरा म्हणतो, घर आपलं नाही तर विमा कशाला? माझे लग्नातले १२ तोळे दागिने घरातच कपाटात असतात आणि दिवाळीत आम्ही पंधरा दिवस कोल्हापूरला जातो. विमा घ्यावा का, आणि कुठला?

उत्तर: विमा घ्या. पण ७०० रुपयांचा तो विमा दिसतोय तसाच घेऊ नका, कारण ज्या घरफोडीनं तुमची झोप उडवली, ती बहुधा त्यात नाहीच. आणि दागिन्यांसाठी विम्यावर पैसे घालवण्याआधी बँकेत लॉकर मिळतो का ते बघा.

आधी घरमालकांचं बोलणं घेऊ. ते खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगताहेत. सोसायटी जो विमा काढते तो इमारतीचा असतो: भिंती, स्लॅब, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या, फार तर सोसायटीचं ऑफिस. मालकांनी स्वतः काढला असेल तर तो त्यांच्या फ्लॅटचा आणि त्यांनी तुम्हाला वापरायला दिलेल्या वस्तूंचा. उद्या स्वयंपाकघरातून आग पसरली तर जळालेली भिंत त्यांच्या विम्यातून उभी राहील. तुमचा फ्रिज, तुमच्या साड्या, तुमचा पलंग यांचा एक रुपयाही त्यातून येणार नाही, कारण त्या वस्तूंशी त्या पॉलिसीचा संबंधच नाही. यजमानांनाही हेच सांगा. घर मालकाचं आहे म्हणून घराचा विमा तुम्ही काढायचा नाही, पण सामान तुमचं आहे आणि सामानापुरता विमा भाडेकरूला काढता येतो. तो घेताना ‘फक्त सामान’ हाच पर्याय निवडायचा. काही अ‍ॅपवर इमारतीची रक्कम आधीच भरलेली असते. ती काढून टाका, नाहीतर दुसऱ्याच्या भिंतीचा हप्ता तुम्ही भरत बसाल.

आता त्या ७०० रुपयांकडे वळू. घरविम्यासाठी विमा नियामकानं १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एक प्रमाणित पॉलिसी आणली. कंपनी कुठलीही असली तरी या पॉलिसीचा मजकूर तोच असतो. हप्ता कमी असेल आणि नाव साधं ‘घरविमा’ असेल, तर अ‍ॅपवर तुम्हाला दिसतेय ती बहुधा हीच. पॉलिसी चांगली आहे. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, दहशतवादी हल्ला, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं अशी मोठी यादी तिच्यात आहे. चोरीचाही उल्लेख आहे, आणि तिथंच लोक फसतात. या पॉलिसीतली चोरी म्हणजे वर सांगितलेल्यांपैकी एखादी आपत्ती आल्यावर, तिच्यामुळे, पुढच्या ७ दिवसांत झालेली चोरी. आगीनंतर दार तुटकं राहिलं आणि कुणी टीव्ही उचलून नेला, तर भरपाई मिळेल. भर दुपारी कुलूप तोडून कुणी आत शिरलं आणि त्याआधी आग-पूर काही नव्हतं, तर मिळणार नाही. विक्रीच्या पानावर मात्र एवढंच लिहिलेलं दिसतं की चोरीचं संरक्षण आहे.

म्हणून तुम्हाला घरफोडीचं संरक्षण वेगळं जोडून घ्यावं लागेल. काही कंपन्या ते जोड म्हणून देतात, काही सामानाच्या एकत्र पॅकेजमध्ये. हप्ता वाढेल, पण तुमच्या तिसऱ्या मजल्यासाठी तोच भाग खरा कामाचा आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आणि एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं, ते तुमच्या भागानं पाहिलेलं आहे. तेव्हा तळमजल्यावर राहणाऱ्याला मी आधी पुराचंच कलम दाखवलं असतं. तुमच्याबाबतीत पाणी आलं तर ते पार्किंगमधल्या गाडीपर्यंत येईल, आणि गाडी घरविम्यात बसत नाही. तिच्या पॉलिसीत फक्त समोरच्याचं नुकसान आहे की तुमच्या गाडीचंही, एवढं त्या निमित्तानं बघून ठेवा.

घरफोडीचं कलम घेताना एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दावे इथंच नाकारले जातात. विम्याच्या भाषेत घरफोडी म्हणजे जबरदस्तीनं आत शिरून केलेली चोरी. कुलूप तुटलेलं, कडी उचकटलेली, ग्रील वाकवलेलं, असं काहीतरी दिसावं लागतं. २००४ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्सच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं: पॉलिसीत ‘बळाचा वापर करून’ असं लिहिलेलं असेल, तर नुसती चोरी पुरेशी नाही. म्हणजे दार उघडं राहिलं आणि कुणी लॅपटॉप उचलला, किंवा कामाला येणाऱ्या कुणी हळूहळू वस्तू नेल्या, तर साध्या घरफोडीच्या संरक्षणात ते येत नाही. काही पॅकेजमध्ये साधी चोरीही धरतात, पण तसं शब्दात लिहिलेलं दाखवायला सांगा.

भाडेकरूसाठी यात एक जास्तीचा धोका आहे, ज्याचा फारसा कुणी विचार करत नाही. तुमच्या लॅचच्या किती किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत, हे तुम्हाला ठाऊक नसतं. आधीच्या भाडेकरूकडे एखादी राहिली असेल, एजंटकडे असेल, मालकांच्या नातेवाइकाकडे असेल. अशा किल्लीनं कुणी दार उघडलं तर कुलपावर ओरखडासुद्धा येत नाही, आणि तुमचा दावा त्याच मुद्द्यावर अडतो. तेव्हा मालकांना सांगून लॅचचं सिलिंडर बदलून घ्या. एक किल्ली त्यांना हवी असेल तर ती बंद पाकिटात, त्यावर दोघांच्या सह्या करून द्या. आणि बाहेर पडताना लॅच नुसता ओढून न घेता किल्लीनं पूर्ण फिरवून लावायचा, ही सवय दोघांनाही लावून घ्या.

दिवाळीच्या पंधरा दिवसांबद्दल: घर किती दिवस सलग बंद राहिलं तर संरक्षण थांबतं किंवा कंपनीला आधी कळवावं लागतं, याचं कलम बहुतेक पॉलिसींत असतं. आकडा प्रत्येकीचा वेगळा असतो, पण पंधरा दिवस सहसा त्याच्या आत बसतात. पुढं कधी बाळंतपणासाठी किंवा परदेशी कामासाठी दोन-तीन महिने घर बंद राहणार असेल, तर मात्र निघण्याआधी कंपनीला ईमेल करून उत्तर हातात घ्या.

आता रक्कम. ५ लाख हा गोल आकडा अ‍ॅपनं भरलेला आहे, तुम्ही तो मोजलेला नाही. एका रविवारी वही घेऊन खोलीखोलीतून फिरा आणि आज नवीन घ्यायला किती लागतील ते लिहा, दोन वर्षांपूर्वी किती दिले ते नको. तुमच्यासारख्या घराचा हिशेब साधारण असा निघतो: फ्रिज ३०,०००, वॉशिंग मशीन २२,०००, टीव्ही ३५,०००, तुमचा स्वतःचा लॅपटॉप ६०,०००, तुम्ही बसवलेला एसी ४०,०००. पलंग, गाद्या आणि कपाट मिळून ५५,०००, सोफा आणि जेवणाचं टेबल ४५,०००. स्वयंपाकघरातली भांडी, मिक्सर, शेगडी, मायक्रोवेव्ह ५०,०००. दोघांचे कपडे ९०,०००, आणि साड्या जास्त असतील तर हा आकडा वाढवा. पडदे, वॉटर प्युरिफायर, पुस्तकं आणि सटरफटर २३,०००. बेरीज ४,५०,०००. कपड्यांचा आकडा बघून बहुतेकांना धक्का बसतो, कारण मोजेपर्यंत ते सामानात धरलेच जात नाहीत.

या यादीत तीन गोष्टी येत नाहीत. मालकांनी दिलेला गिझर, वॉर्डरोब, ट्रॉल्या या त्यांच्या वस्तू, त्यांचा विमा त्यांनी बघावा. ऑफिसचा लॅपटॉप कंपनीचा आहे, तो हरवला किंवा जळाला तर काय नियम आहे ते एचआरला विचारा. आणि रोख रक्कम प्रमाणित पॉलिसीत येत नाही. पॅकेजमध्ये ती असलीच तर अगदी थोड्या मर्यादेपर्यंत.

रक्कम मुद्दाम कमी लावून हप्ता वाचवण्याचा मोह होतो. प्रमाणित पॉलिसीत त्याची शिक्षा नाही, कारण कमी रकमेचा विमा असला तरी त्या प्रमाणात भरपाई कापायची नाही असं तिच्यात ठरलेलं आहे. घरफोडीच्या जोडभागात किंवा इतर पॅकेजमध्ये मात्र ही सवलत असेलच असं नाही. समजा सामान ४,५०,००० चं आहे आणि तुम्ही २,२५,००० चाच विमा घेतलात. चोरीत ८०,००० चं नुकसान झालं. सरासरीचं कलम लागू असेल तर कंपनी म्हणेल, तुम्ही निम्म्याचाच विमा काढला होता, म्हणून निम्मेच, ४०,००० घ्या. दुसरीकडे, घरफोडीसाठी काही कंपन्या एकूण रकमेच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच संरक्षण देतात, कारण चोर सोफा आणि पलंग घेऊन जात नाही. ही पद्धत वाईट नाही आणि हप्ताही त्यानं उतरतो. फक्त त्या टक्क्यांत तुमचा लॅपटॉप, टीव्ही आणि चोराला सहज उचलता येईल असं बाकीचं सामान बसतंय का, ते मोजा. वरच्या यादीत असं सामान सव्वा ते दीड लाखाचं आहे. ४,५०,००० वर मर्यादा २५ टक्के असेल तर १,१२,५०० होतात, म्हणजे थोडे कमीच पडतात.

भरपाई नव्या वस्तूच्या किमतीनं देणार की घसारा कापून, हेही आत्ताच विचारा. प्रमाणित पॉलिसीत सामानाची रक्कम नव्यानं घेण्याच्या खर्चावरच धरतात. पॅकेजमधल्या घरफोडीच्या किंवा उपकरणांच्या भागात वेगळी पद्धत असू शकते, आणि पाच वर्षांच्या टीव्हीच्या बाबतीत या दोन पद्धतींत निम्म्याहून जास्त फरक पडू शकतो.

दागिने. सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या वर गेलेला असताना तुमच्या कपाटात घरातल्या सगळ्या सामानाच्या किमान अडीचपट किंमत पडून आहे. प्रमाणित पॉलिसीत मौल्यवान वस्तूंसाठी वेगळा पर्याय आहे, त्यात किंमत आधीच ठरवून घेतात. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचं प्रमाणपत्र लागत नाही. पण आजच्या भावात तुमचा कुठलाही धड हार किंवा पाटल्यांचा जोड त्या १ लाखाच्या पुढं जातो, म्हणजे सराफाकडून मूल्यांकन करून घेणं आलं. शिवाय हा पर्याय घेतला तरी मूळ पॉलिसीतल्याच आपत्ती त्याला लागू होतात. घरफोडी त्यात आपोआप येत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दहा तोळे लॉकरमध्ये ठेवा आणि रोजच्या वापराचे दोन घरात राहू द्या. लॉकरचं भाडं १२ तोळ्यांच्या घरफोडीच्या हप्त्यापेक्षा सहसा स्वस्त पडतं आणि दिवाळीत कोल्हापूरला जाताना जीव टांगणीला लागत नाही. मात्र लॉकर म्हणजे विमा असं समजू नका. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमानुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या माणसांनी केलेली फसवणूक यात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच आहे. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. भूकंप-पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, तेवढीही नाही. तरीही तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटापेक्षा तिजोरीची खोली कितीतरी सुरक्षित. उरलेला धोका नको असेल, तर लॉकरमधल्या दागिन्यांचा विमाही काही कंपन्या देतात. अंगावरचं मंगळसूत्र रस्त्यात ओढून नेलं तर घरविमा कामाला येत नाही, कारण तो घराच्या पत्त्याला बांधलेला असतो. त्याला घराबाहेरही लागू होणारं ‘ऑल रिस्क’ संरक्षण लागतं, आणि ते महाग असतं.

विजेबद्दल थोडक्यात. दाब कमीजास्त होऊन टीव्हीचा बोर्ड गेला, किंवा फ्रिजमध्येच शॉर्टसर्किट होऊन तो बंद पडला, तर प्रमाणित पॉलिसी त्या यंत्राचे पैसे देत नाही. त्याच शॉर्टसर्किटनं आग लागून पडदे आणि सोफा जळाला, तर त्यांचे देते. उपकरणांच्या बिघाडाचं वेगळं संरक्षण मिळतं, पण तुमच्या घरात त्यापेक्षा चांगला स्टॅबिलायझर बसवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पाण्याचंही असंच. वरच्या घरातला पाइप फुटून तुमची गादी भिजली तर ती यादीत येते. भिंतीतून चार पावसाळे हळूहळू झिरपणारी ओल येत नाही. त्यासाठी मालक आणि सोसायटी यांच्याच मागे लागावं लागेल.

तुमच्या पत्रात नसलेला एक मुद्दा मला तुमच्यासमोर ठेवायचा आहे. गॅस कनेक्शन तुमच्या नावावर याच पत्त्यावर आहे का? घरगुती गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी ग्राहकांचा सामूहिक विमा काढलेला असतो आणि त्यात मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका घटनेला २ लाखांपर्यंत तरतूद आहे. पण ती नोंदलेल्या ग्राहकाच्या नोंदलेल्या पत्त्यावर. पुण्यातले कितीतरी भाडेकरू गावचं सिलिंडर किंवा ओळखीच्या माणसाचं कनेक्शन वापरतात, आणि मग त्या २ लाखांचा हक्कच उरत नाही. पत्ता बदलून घ्यायला फारसा खर्च येत नाही, तेवढं या महिन्यात कराच.

आणि तुमच्या हातून आग लागली तर? मालकांची विमा कंपनी त्यांना भरपाई देईल, पण नंतर तुमचा निष्काळजीपणा दाखवून ते पैसे तुमच्याकडून वसूल करायचा तिला अधिकार असतो. शेजाऱ्यांचं सामान जळालं तर तेही दाद मागू शकतात. पॅकेजमध्ये ‘इतरांच्या नुकसानीची जबाबदारी’ असा भाग असतो, त्यात भाड्यानं घेतलेल्या जागेचं नुकसान धरलंय का ते विचारा. धरलं असेल आणि हप्ता थोडाच वाढत असेल, तर घ्या. उपकरणांच्या बिघाडाच्या संरक्षणापेक्षा याला मी आधी पैसे देईन.

थोडक्यात तुमची मागणी कंपनीकडे अशी जाऊ दे: फक्त सामान, रक्कम ४,५०,००० किंवा तुमच्या वहीतली बेरीज, घरफोडीसह, भाड्याच्या जागेच्या जबाबदारीसह, दागिने वगळून. फोनवर बोलू नका, ईमेल करा. त्यात विचारा: मोडतोडीची खूण नसताना झालेली चोरी धरता का, घरफोडीची मर्यादा किती टक्के, सरासरीचं कलम लागू आहे का, भरपाईत घसारा कापता का, आणि घर किती दिवस बंद चालतं. दोन कंपन्यांची लेखी उत्तरं शेजारी ठेवली की हप्त्यातला दोनशे-तीनशेचा फरक कशाचा आहे ते लगेच दिसेल.

पॉलिसी हातात आली की त्याच दिवशी मोबाइलवर घराचं चित्रीकरण करा. कपाटं उघडून, टीव्ही-फ्रिजच्या मागचे अनुक्रमांक दिसतील असं. बिलांचे फोटो आणि नोंदणीकृत भाडेकरार त्यासोबत ठेवा आणि हे सगळं कोल्हापूरच्या घरच्यांना पाठवून द्या, कारण ज्या फोनमध्ये पुरावा आहे तोच फोन चोर नेऊ शकतो. दुर्दैवानं घरफोडी झालीच, तर आधी पोलीस, आणि तक्रार अर्जावर न थांबता गुन्हा नोंदवून एफआयआरची प्रत. ‘दार तोडून’ हे शब्द त्यात आले आहेत ना, ते सही करण्याआधी वाचा. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत तुटलेलं कुलूप फेकू नका. नवीन कुलूप लावा, पण जुनं पिशवीत जपून ठेवा.

तुमचा करार अकरा महिन्यांचा असेल आणि पॉलिसी वर्षाची, म्हणून घर बदलायची वेळ मध्येच येऊ शकते. पॉलिसी रद्द करायची गरज नाही. सामान हलवण्याआधी नवा पत्ता कळवून पॉलिसीवर तशी दुरुस्ती लेखी घ्या, नाहीतर नव्या घरातलं सामान विम्याशिवाय राहील. टेम्पोतल्या प्रवासात फुटलेली काच किंवा पडलेली वॉशिंग मशीन या विम्यात येत नाही. त्यासाठी सामान हलवणाऱ्यांकडून वाहतुकीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो खरंच काढलाय याची विमा कंपनीच्या नावाची प्रत टेम्पो भरण्याआधी मागा. पावतीवर नुसतं ‘विमा शुल्क’ लिहिलेलं पुरत नाही.